ताट की डबा?

थालीपीठ तव्यावरून ताटात यायला फार तर अर्धं मिनिट लागतं. कडा कुरकुरीत असतात, मधल्या भोकांभोवती तेल अजून चुरचुरत असतं आणि वरचा लोण्याचा गोळा कडेने वितळायला लागलेला असतो. हेच थालीपीठ प्लॅस्टिकच्या डब्यात घालून झाकण दाबलं की आतली वाफ झाकणाला धरते, तिचं पाणी होतं, ते खाली ठिबकतं आणि पंचवीस-तीस मिनिटांनी गिऱ्हाईकाच्या हातात पडतं ते एक ओलसर, वातड प्रकरण. भाजणी तीच, हात तोच. तरीही गिऱ्हाईक दोन तारे देतं आणि त्याचं काही चुकलेलं नसतं.

घरचा स्वयंपाक विकायला निघालेल्या माणसाने क्लाउड किचन काढावं की चार टेबलांचं छोटं हॉटेल, याचा विचार भाड्यापासून सुरू होतो. तो या डब्यापासून सुरू व्हायला हवा. क्लाउड किचन म्हणजे बसायची सोय नसलेलं, फक्त घरपोच ऑर्डरींसाठी चालणारं स्वयंपाकघर. तिथे विकला जातो तो अर्ध्या तासानंतरचा पदार्थ. म्हणून पहिली चाचणी फुकटात होते. जे विकायचं ठरवलंय ते बाजारातल्या त्याच डब्यात भरायचं, पिशवीला गाठ मारायची, घरातल्या कुणाला तरी स्कूटरवरून खड्ड्याखड्ड्यांतून फिरवून आणायला सांगायचं आणि पस्तीस मिनिटांनी उघडून खायचं. तोंडावर खोटं न बोलणाऱ्या माणसालाही एक घास द्यावा. सासर-माहेरची माणसं या कामाला सहसा उपयोगाची नसतात.

या चाचणीत काही पदार्थ लगेच बाद होतात. साबुदाणा वडा मऊ पडतो, पुरी बसते, ज्वारीची भाकरी गार होताना कडक होत जाते. पिठलं कढईत सरसरीत असतं, पण बेसन गार होताना घट्ट धरतं, म्हणून डब्यात त्याची वडी व्हायला येते; पाठवायचं असेल तर ते नेहमीपेक्षा पातळ ठेवावं लागतं. उलट मसालेभात मुरून अधिक चांगला लागतो. पुरणपोळी, गुळपोळी यांना प्रवासाचं काहीच वाटत नाही. मिसळही छान जाते, मात्र उसळ, तर्री, फरसाण आणि कांदा-लिंबू वेगवेगळं बांधलं तरच. झाकणाला दोन-चार भोकं पाडली, तळाशी बटर पेपर घातला तर तळलेले पदार्थ थोडे सावरतात, पण भोकातून वाफेबरोबर उष्णताही जाते. ज्यांचा हात तव्यावरच्या आणि कढईतल्या पदार्थांत आहे, त्यांच्यापुरता प्रश्न इथेच बराचसा सुटतो. त्यांना समोर बसून खाणारं गिऱ्हाईक हवं.

ज्यांचे पदार्थ चाचणीत उतरले, त्यांनी आता हिशेबाची वही उघडावी. एक उदाहरण कल्पून करू. कर्वेनगरमधल्या शोभाताई मसालेभात, कढी, काकडीची कोशिंबीर आणि पापड असं एक ताट करतात. खालचे सगळे आकडे अंदाजाने धरलेले आहेत. आपापल्या गल्लीतले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करायचा आहे.

मागच्या गल्लीत त्यांनी एक खोली घेतली. भाडं १२,००० रुपये, एका मदतनीस बाईचा पगार १४,०००, वीज-पाणी आणि किरकोळ ४,०००. म्हणजे महिन्याचा ठरलेला खर्च ३०,००० रुपये. ॲपवर ताटाची किंमत त्यांनी १८० ठेवली. पहिल्याच आठवड्यात ॲपवाल्यांचा प्रतिनिधी सांगतो की सवलत लावल्याशिवाय वर दिसणार नाही, म्हणून सवलतीतला आपल्या वाट्याचा भार २० रुपये. उरले १६०. त्यावर कमिशन २२ टक्के धरू. करारागणिक ते याहून कमी किंवा बरंच जास्तही असतं. ते झाले सुमारे ३५ रुपये. कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो, ते सव्वासहा. पैसे वळते करण्याचं शुल्क साडेतीन. ॲपमध्येच जाहिरात केली तर तिचे ताटामागे १३. हातात येतात जेमतेम १०२ रुपये.

त्यातून तांदूळ, भाजी, तेल, मसाला, दही यांचे ५५, डबे-वाट्या-पिशवीचे १२ आणि गॅसचे ६ वजा करा. उरतात २९ रुपये. एकशे ऐंशीच्या ताटातले एकोणतीस.

इथे जीएसटीची एक बाब समजून घ्यावी, कारण नव्या माणसाचा तिथे गोंधळ होतो. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून विकलेल्या जेवणावरचा ५ टक्के कर गिऱ्हाईकाकडून घेऊन सरकारकडे भरायची जबाबदारी ॲपकंपनीची आहे. तो शोभाताईंच्या खिशातून जात नाही. पण कमिशनवर त्या जो १८ टक्के कर देतात, तो त्यांना कुठेही वळता करून मिळत नाही. तो निव्वळ खर्च आहे आणि ताटाच्या हिशेबात धरलाच पाहिजे. बरेच जण तो धरत नाहीत आणि महिनाअखेरीस पैसे कुठे गेले ते शोधत बसतात.

आता २९ रुपयांनी ३०,००० भरून काढायचे तर महिन्याला १,०३५ ताटं हवीत, म्हणजे सव्वीस दिवस धरले तर रोज चाळीस. यात शोभाताईंचा स्वतःचा पगार शून्य आहे. त्यांना महिन्याला २०,००० रुपये तरी सुटायला हवे असतील, तर रोज सहासष्ट. आणि ही सहासष्ट ताटं दिवसभर सावकाश येत नाहीत. दुपारी साडेबारा ते दोन आणि रात्री आठ ते साडेनऊ, या तीन तासांतच ती येतात. दर पावणेतीन मिनिटांना एक ऑर्डर भरायची, वाट्यांना झाकणं लावायची, चिकटपट्टी मारायची, ऑर्डर नंबर तपासायचा आणि दारात उभ्या असलेल्या डिलिव्हरीवाल्या मुलाच्या हातात द्यायची. दोन बायकांना हे रोज झेपणं अवघड आहे. तिसरं माणूस ठेवलं की ठरलेला खर्च वाढतो आणि सहासष्टाचा आकडा आणखी वर सरकतो.

दुसरी वही हॉटेलची. वर्दळीच्या रस्त्यावर अडीचशे चौरस फुटांचा गाळा, बारा खुर्च्या. भाडं ३५,०००, मदतीचा आचारी १६,०००, वाढणारा पोऱ्या १३,०००, भांडीवाल्या मावशी ९,०००, वीज-पाणी आणि बाकीचं ७,०००. एकूण ८०,०००. इथे ताट १३० रुपयांना विकावं लागेल, कारण समोर बसलेलं गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलचा फळा वाचून आलेलं असतं. माल तोच ५५ चा, गॅस ६, धुणं-पुसणं ४. ताटामागे राहतात ६५ रुपये. ठरलेला खर्च निघायला रोज सत्तेचाळीस ताटं आणि शोभाताईंच्या वीस हजारांसकट एकोणसाठ.

म्हणजे सहासष्ट आणि एकोणसाठ. निदान या उदाहरणात दोन्ही वाटांनी रोज लागणारी ताटं जवळपास सारखीच येतात. गाळ्याचं भाडं महिन्याच्या पहिल्या तारखेला एकरकमी जातं. ॲपचं कमिशन हे तेच भाडं, फक्त ताटागणिक हप्त्याने कापलेलं. रस्त्यावरून जाणारा माणूस आत यावा म्हणून गाळ्याला पैसे मोजायचे आणि फोनवर बोट फिरवणाऱ्या माणसाला दिसावं म्हणून ॲपला. फरक सुरुवातीच्या भांडवलात पडतो. मागच्या गल्लीतली खोली अनामत, शेगडी, फ्रीज, एक्झॉस्ट धरून दोन-अडीच लाखांत उभी राहू शकते. गाळ्याची अनामत, टेबल-खुर्च्या, फरशी, बोर्ड, बेसिन धरता त्याच्या तिप्पट रक्कम सहज लागते. आणि धंदा बुडाला तर फरशी उचलून घरी नेता येत नाही.

हॉटेलचा आणखी एक हिशेब आहे, तो बारा खुर्च्यांचा. जेवायला माणूस पंचवीस-तीस मिनिटं घेतो. दुपारची गर्दी पावणेदोन तासांची. कागदावर तीन-साडेतीन फेऱ्या होतात, म्हणजे चाळीस ताटं. प्रत्यक्षात दोघं जण येतात आणि चौघांच्या टेबलावर बसतात, तिसऱ्याला त्यांच्यात बसायला संकोच वाटतो. बारा खुर्च्यांवर एका वेळी आठ-नऊ माणसं असली तरी हॉटेल भरलेलं दिसतं. दुपारी पंचवीस-तीस ताटं झाली तर चांगलं चाललंय म्हणायचं. उरलेली कमाई सकाळचे पोहे, उपमा, चहा आणि रात्रीच्या जेवणातून काढायची. म्हणजे सहाला शटर वर आणि रात्री साडेदहाला खाली. घरात लहान मूल किंवा आजारी सासूबाई असलेल्या बाईसाठी हा तासांचा आकडा भाड्यापेक्षा महत्त्वाचा ठरतो, आणि प्रकल्प अहवालात तो कुठेच लिहिलेला नसतो.

आता ज्या गोष्टीने दोन्ही धंदे रात्रीतून आजारी पडतात ती पाहू: उरलेलं अन्न. शोभाताईंनी साठ ताटांचा भात केला आणि चाळीसच गेली. क्लाउड किचनमध्ये चाळीस ताटांचे सुटले ४० × २९ = १,१६० रुपये. उरलेल्या वीस ताटांचा माल २० × ५५ = १,१०० रुपयांचा. दिवसभराची कमाई साठ रुपये, आणि त्यातून भाडं अजून द्यायचंय. कमिशनबद्दल सगळे बोलतात. टोपात उरलेल्या भाताबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो घरी जातो, शेजारी वाटला जातो आणि वहीत कुठेच येत नाही. तो उद्या विकायचा मोह मात्र होऊ देऊ नये. शिजलेला भात बाहेर कोमट राहिला तर त्यात वाढणारे काही जिवाणू असं विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही.

हॉटेलात हा धोका थोडा कमी असतो. भात संपत आला की पोऱ्या फळ्यावरचं ‘मसालेभात’ पुसतो, गिऱ्हाईक पिठलं मागवतं. भात जास्त झाला तर वाढतानाच शोभाताई विचारतात, ‘दादा, भात वाढू का अजून थोडा?’ आणि दादा उद्या परत येतात. ॲपवर पदार्थ ‘उपलब्ध नाही’ केला की गिऱ्हाईक पुढच्या स्वयंपाकघराकडे सरकतं. शिवाय मागणी हलते ती आपल्या हातात नसलेल्या कारणांनी: पावसाची सर आली, क्रिकेटचा सामना लागला, समोरच्या ब्रँडने निम्म्या दरात बिर्याणी लावली.

यावरचा मोठ्या कंपन्यांचा उपाय पुण्यातच पाहायला मिळाला. फासोस हे नाव इथे रोल विकणाऱ्या दुकानांचं म्हणून सुरू झालं. पुढे कंपनीने दुकानांतली बसायची जागा सोडून दिली, निव्वळ घरपोच सेवेवर भर दिला आणि रेबेल फूड्स या नावाने ती एकाच स्वयंपाकघरातून अनेक ब्रँड चालवू लागली: रोल एका नावाने, बिर्याणी बेहरूझ नावाने, पिझ्झा ओव्हनस्टोरी नावाने. भाडं, माणसं आणि शीतगृह एकच, गिऱ्हाईकाला दिसतात वेगवेगळी दुकानं. बिर्याणीचा दिवस मंद गेला तर रोलचा चालतो. हे पाहून एखादी घरगुती सुगरणही ॲपवर तीन नावं उघडते: एक थाळीचं, एक पराठ्यांचं, एक चायनीजचं. तिथे ती फसते. कंपनीकडे मध्यवर्ती स्वयंपाकघरातून मोजून आलेले अर्धतयार पदार्थ असतात. हिच्या फ्रीजमध्ये तीन मेन्यूंचा माल पडून राहतो आणि कोबी पिवळा पडतो.

छोट्या माणसाला लागू पडणारा उपाय याहून जुना आहे आणि तो गिरणगावातला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये काम करणारे, गावी कुटुंब ठेवून आलेले कामगार खानावळींत जेवत. लालबाग-परळच्या चाळींमध्ये बायका आपल्या खोलीत या कामगारांचा स्वयंपाक करत आणि त्यांचे पैसे महिन्याने मिळत. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत त्या पिचत होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं ते या खानावळवाल्या बायकांना संघटित करून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. त्या धंद्याचे हाल खूप होते, पण एक बाब त्यांच्यापाशी पक्की होती जी आजच्या क्लाउड किचनकडे नाही: चूल पेटवण्याआधी त्यांना माहीत असे की आज किती माणसं जेवणार आहेत.

शोभाताईंच्या वहीत हा आकडा बसवून बघू. समजा त्यांनी महिन्याचे पंचवीस डबे धरले. नोकरदार मुलं-मुली, एकटे राहणारे आजी-आजोबा. डबा ११० रुपयांचा, रोजची साधी भाजी, आमटी, भात, तीन पोळ्या. माल ४५ चा, गॅस ५. स्टीलचे डबे, दोन-दोन संच, म्हणून पॅकिंगचा खर्च सुरुवातीला एकदाच. एक मुलगा दुपारी दीड-दोन तासांत पंचवीस डबे पोचवून आदल्या दिवसाचे रिकामे घेऊन येतो. त्याला महिन्याला ९,००० दिले तर डब्यामागे सुमारे १४ पडतात. उरतात ४६ रुपये. पंचवीस डबे, सव्वीस दिवस, साडेसहाशे डबे, एकोणतीस हजार नऊशे रुपये. खोलीचा जवळजवळ सगळा ठरलेला खर्च निघाला.

मग ॲपवरचे २९ रुपये शोभाताईंचे स्वतःचे होतात. वीस हजार सुटायला रोज सहासष्टऐवजी सत्तावीस ऑर्डरी पुरतात. डब्यांचं काम साडेअकरापर्यंत उरकतं, ॲपची गर्दी नंतर सुरू होते, म्हणून त्याच दोन बायकांना ते झेपतं. डब्यांची अडचण वेगळी आहे. गिऱ्हाईक रोजच्या भाजीला कंटाळतं, ‘उद्या नको’ असा निरोप रात्री दहाला येतो, सुट्ट्यांत निम्मे डबे बंद होतात. म्हणून रद्द करायची वेळ आदल्या संध्याकाळी सातपर्यंत आणि पैसे महिन्याच्या सुरुवातीला, हे दोन नियम पहिल्या दिवसापासून लावलेले बरे. नंतर लावायला गेलं की माणसं दुखावतात.

ॲपवरून मागवणाऱ्या गिऱ्हाईकाचा फोन नंबर स्वयंपाकघराला सहसा कळत नाही. मसालेभात आवडून तेच गिऱ्हाईक महिन्यात दहा वेळा आलं, तरी प्रत्येक वेळी त्याला आणण्याचे पैसे नव्याने द्यावे लागतात. डब्याचं गिऱ्हाईक किंवा हॉटेलात येणारे दादा एकदाच कमवायचे असतात.

माझं मत विचाराल तर घरगुती स्वयंपाकाने सुरुवात करणाऱ्याने खोली घ्यावी, पण तिला रस्त्याकडे उघडणारी खिडकी असावी. बसायला जागा नको, भांडीवाल्या मावशी नकोत, उभ्याने खायला एक फळी आणि पार्सलची सोय. पुण्यात अशा खिडक्या भरपूर आहेत आणि त्यांपैकी काही चांगल्या चालतात. थालीपीठ खिडकीतून गरम जातं, मसालेभात डब्यातून, आणि ॲप उरलेल्या वेळेला. भाडं मागच्या गल्लीपेक्षा जास्त, पण गाळ्यापेक्षा बरंच कमी. गर्दीच्या चौकापासून पन्नास पावलं आत अशी जागा मिळते.

कागदपत्रांचं थोडक्यात. एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना दोन्ही वाटांना लागतो, अगदी घरातून विकलं तरी. छोट्या उलाढालीला नुसती नोंदणी पुरते आणि ती स्वस्त आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर नोंदणीऐवजी फक्त माहिती कळवायची असते. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदेशीर आहे; १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो आणि ताटामागे गॅसचा खर्च त्यावरच काढायचा. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये करणार असाल तर धंदा मोडतो तो बहुधा अन्न खात्यामुळे नव्हे, वरच्या मजल्यावर जाणाऱ्या फोडणीच्या वासामुळे. सोसायटीचं लेखी ना-हरकत पत्र आधी घ्या, एक्झॉस्टचं तोंड कुठे निघतं ते आधी बघा.

आणि जागा ठरवण्यापूर्वी एखाद्या मंगळवारी दुपारी एक वाजता तिथे जाऊन तासभर उभं राहा. रविवारी नको, रविवारी सगळेच रस्ते चालू वाटतात. किती माणसं चालत जातात ते मोजा, त्यातल्या किती जणांच्या हातात घरचा डबा आहे ते बघा, शेजारच्या वडापाववाल्याकडे किती जण थांबतात ते बघा. मग मालकाला विचारा की गाळ्याला नळ आणि सांडपाण्याची वाट आहे का, वीजमीटर व्यावसायिक आहे का, आणि आधीचा भाडेकरू का गेला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मालकाकडून खरं मिळेलच असं नाही. ते वडापाववाला सांगतो.